सहभागी संवाद आणि समुदाय माध्यमं: फोगो बेटाच्या केसवर नेहमी येणारे प्रश्न

डेव्हलपमेंट कम्युनिकेशनच्या कोर्समध्ये फोगोची केस सगळ्यांनाच असते आणि बहुतेक नोट्समध्ये ती चार ओळीत उरकलेली असते, की बेट होतं, फिल्म्स काढल्या, लोक एक झाले, बेट वाचलं. एवढं वाचून परीक्षा पास होता येतं पण फिल्डवर गेल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून इथे एकच केस नीट उलगडून सांगितलीय, आणि बाकीचे प्रश्न तिच्याच अंगाने घेतलेत.

प्रश्न: सहभागी संवाद म्हणजे लोकांच्या हातात माइक किंवा कॅमेरा देणं, बरोबर ना?

माझ्या मते नाही, आणि जवळपास सगळे गोंधळ इथूनच सुरू होतात. माइक कुणाच्या हातात आहे हे फोटोत दिसतं म्हणून रिपोर्टमध्ये तेच छापलं जातं. पण खरं बघायचं ते हे की काय रेकॉर्ड करायचं, त्यातलं काय ठेवायचं, ते कुणाला दाखवायचं आणि दाखवल्यावर पुढे काय करायचं हे कोण ठरवतं. हे चारही निर्णय बाहेरून आलेल्या टीमकडे असतील तर गावातल्या माणसाने शूट केलं काय किंवा मुंबईच्या कॅमेरामनने केलं काय, फरक पडत नाही. उलट फोगोवर कॅमेरा पूर्णपणे प्रोफेशनल लोकांच्या हातात होता, तरी ती केस सहभागी मानली जाते, कारण दाखवण्याचा अधिकार बऱ्याच अंशी लोकांकडे होता. "बऱ्याच अंशी" मुद्दाम म्हणतोय, ते पुढे येईलच.

प्रश्न: फोगोवर नेमकं काय झालं होतं?

फोगो हे कॅनडाच्या न्यूफाउंडलँड आणि लॅब्राडोर प्रांतातलं, न्यूफाउंडलँडच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं बेट. 1960 च्या दशकात तिथे साधारण 5,000 लोक राहायचे, दहाएक वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये. सगळ्यांचा धंदा एकच, छोट्या बोटींनी किनाऱ्याजवळ कॉड मासा पकडायचा. पण बाहेरच्या मोठ्या जहाजांनी खोल समुद्रात मासा उपसायला सुरुवात केल्यावर किनाऱ्यावर येणारा मासा कमी झाला, छोट्या बोटीने लांब जाता येत नव्हतं आणि मोठ्या बोटी कुणाकडे नव्हत्या, त्यामुळे बरीच घरं सरकारी मदतीवर आली. त्याच वेळी सरकारची पुनर्वसन योजना चालू होती. म्हणजे दूरच्या छोट्या वस्त्यांना शाळा, रस्ते, दवाखाने पुरवणं महाग पडतं म्हणून लोकांना पैसे देऊन मोठ्या केंद्रांच्या गावी हलवायचं. फोगोच्या लोकांसमोर हाच प्रश्न होता, की जायचं की राहायचं आणि राहायचं तर कशाच्या जोरावर.

अडचण अशी की दहा वस्त्या असल्या तरी बेट म्हणून कुणी एकत्र बसत नव्हतं. चर्च वेगळी, चर्चनुसार शाळाही वेगळ्या, एका वस्तीतल्या माणसाला दुसऱ्या वस्तीत काय चाललंय याची फारशी माहिती नाही. सगळ्यांचं दुखणं एकच होतं पण प्रत्येकाला ते आपल्यापुरतंच वाटत होतं.

1967 मध्ये नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाचे दिग्दर्शक कॉलिन लो आपली टीम घेऊन तिथे गेले. फिल्म बोर्डाचा तेव्हा चॅलेंज फॉर चेंज नावाचा नवा कार्यक्रम सुरू झाला होता, त्याचा हा भाग. त्यांच्यासोबत मेमोरियल युनिव्हर्सिटीचा एक्स्टेन्शन विभाग होता, त्याचे प्रमुख डॉन स्नोडेन, आणि बेटावर ओळखीचा फिल्डवर्कर होता फ्रेड अर्ल. हा माणूस फार महत्त्वाचा, कारण तो टीम येण्याच्या आधीपासून तिथे काम करत होता, कुणाच्या घरी कधी जायचं, कोण कुणाशी बोलत नाही, हे त्याला माहीत होतं. शूटिंगमधून शेवटी 27-28 छोट्या फिल्म्स तयार झाल्या, सगळ्या मिळून साधारण सहा तास. मग त्या बेटावरच वस्त्यावस्त्यांमध्ये दाखवल्या. 35 च्या आसपास स्क्रीनिंग झाली आणि एकूण प्रेक्षक 3,000 च्या घरात गेले असं नोंदवलंय. नंतर लोकांच्या संमतीने त्या प्रांताच्या सरकारातल्या लोकांना दाखवल्या, मंत्र्यांची उत्तरंही कॅमेऱ्यावर घेतली आणि ती परत बेटावर आणून दाखवली.

प्रश्न: एवढ्या फिल्म्स कशाला? एक चांगली तासाभराची डॉक्युमेंटरी जास्त पोचली नसती का?

बाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचली असती. पण बेटावर तिने भांडणं लावली असती, आणि लो यांच्या पद्धतीचं खरं महत्त्व मला तरी इथेच दिसतं.

नेहमीच्या डॉक्युमेंटरीत काय होतं, विषय घेतला समजा "सरकारी मदत", मग पाच लोकांचे तुकडे काढून एकापुढे एक लावले, एकजण म्हणतो मदतीने लोक आळशी झाले, लगेच कट, दुसरा म्हणतो मदत नसती तर पोरं उपाशी राहिली असती. एडिटिंग टेबलवर हे छान दिसतं, ताण तयार होतो. पण हे दोघं आयुष्यात एकमेकांशी असं बोललेलेच नसतात! त्यांचं भांडण एडिटरने लावलेलं असतं, आणि स्क्रीनिंग संपल्यावर एडिटर निघून जातो, ते दोघं तिथेच राहतात.

लो यांनी विषयानुसार कापाकापी टाळली आणि एक फिल्म म्हणजे एक माणूस, किंवा एक बैठक, किंवा एक प्रसंग असं धरलं. एक मच्छीमार बेट सोडून कामासाठी टोरंटोला निघालाय, त्याची एक फिल्म. एकजण सहकारी संस्थेबद्दल बोलतोय, त्याची वेगळी. नुसती लग्नाची किंवा मुलांच्या खेळण्याची फिल्म पण आहे, ज्यात प्रश्नबिश्न काही नाही. माणूस बोलायला लागला की त्याचं म्हणणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्याच क्रमाने येतं, त्यामुळे मत पटलं नाही तरी तो असं का म्हणतो ते कळतं. आणि मुलांच्या खेळाची फिल्म फालतू नव्हती बरं का, सगळ्या फिल्म्स रडगाण्याच्या असत्या तर लोकांनी स्वतःला पडद्यावर फक्त हरलेलं बघितलं असतं.

प्रश्न: बेटावरचे लोक एकमेकांना भेटू शकत होतेच की, मग पडदा कशाला लागला?

भेटू शकत होते पण अवघड विषयावर समोरासमोर बोलणं लहान समाजात फार महाग पडतं. ज्याच्याशी आज वाद घातला त्याच्याकडेच उद्या दोरखंड मागायला जायचंय. पडद्यावर तेच म्हणणं ऐकताना मधे बोलता येत नाही, तोंडावर उत्तर द्यायची सक्ती नसते, आणि संपल्यावर थेट त्या माणसाला न बोलता "त्या फिल्ममध्ये जे म्हटलंय ना" असं म्हणून सुरुवात करता येते. दुसरं म्हणजे शेजारच्या वस्तीतला अनोळखी माणूस अगदी आपलीच अडचण सांगताना दिसला की हे माझ्या एकट्याचं नाही हे न सांगता कळतं.

म्हणून स्क्रीनिंगनंतरची चर्चा हाच खरा कार्यक्रम, फिल्म हे त्याचं निमित्त. फिल्म वीस मिनिटांची आणि चर्चा पाच मिनिटांची असा बेत आखला असेल तर तो उलटा आखलाय.

प्रश्न: परवानगी कशी घेतात? फॉर्मवर सही घेतली की झालं का?

सहीने वकिलाचं समाधान होतं. शूटिंगच्या आधी घेतलेली सही ही अशा गोष्टीला दिलेली संमती असते जी त्या माणसाने अजून पाहिलेलीच नाही.

फोगोवर तत्त्व असं होतं की ज्याचं चित्रण झालंय त्याने ते आधी पाहायचं, नको असलेलं काढायला सांगायचं, आणि बेटाबाहेर दाखवायचं का नाही हे बेटावर दाखवून झाल्यावर ठरवायचं. म्हणजे संमती एकदाच नाही, टप्प्याटप्प्याने. तुमच्या प्रॅक्टिकलसाठी मी हेच थोडं मोडून सांगतो. माणूस बोलून झाला की शक्यतो त्याच दिवशी त्याला एकट्याला त्याचं फुटेज दाखवा, घरच्या सगळ्यांच्या घोळक्यात नको, कारण नवऱ्यासमोर किंवा सासऱ्यासमोर बाई "हे काढा" म्हणू शकत नाही. मग चार प्रश्न वेगवेगळे विचारा: तुमच्या गटात दाखवू का, पूर्ण गावात दाखवू का, ऑफिसरला दाखवू का, इंटरनेटवर टाकू का. चारही उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि येतातच. रेशनच्या तक्रारीबद्दल बोललेली बाई ऑफिसरला दाखवा म्हणेल पण गावात नको म्हणेल, कारण दुकानदार गावातलाच असतो. उत्तर बदलायचा हक्क शेवटपर्यंत तिचा आहे, फक्त इंटरनेटचं तिला स्पष्ट सांगावं लागतं की एकदा गेलं की परत घेता येणार नाही, म्हणून तो प्रश्न सगळ्यात शेवटी आणि शांतपणे.

आणि एखादा म्हणाला की अख्खं काढून टाका, तर काढून टाकायचं. चांगली क्लिप गेली म्हणून जीव तुटतो, पण एकाची क्लिप काढली हे गावात कळलं की बाकीचे मोकळे बोलायला लागतात.

प्रश्न: मंत्र्यांचं उत्तर परत आणून दाखवण्यात एवढं विशेष काय?

ही पायरी आजच्या प्रोजेक्ट्समध्ये सगळ्यात जास्त गळते. लोकांचं म्हणणं वर पोचवायला सगळे उत्साही असतात, कार्यक्रम होतो, साहेब टाळ्या वाजवतात, "नक्की लक्ष घालू" म्हणतात आणि टीम परत येते. ज्यांनी बोलायचं धाडस केलं त्यांना पुढे काय झालं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी कुणी कॅमेरा घेऊन आलं की ते दार लावून घेतात. ते बरोबरच वागतात.

उत्तर कॅमेऱ्यावर घेतलं की दोन गोष्टी होतात. ऑफिसरला माहीत असतं की हे ज्यांना उद्देशून बोलतोय ते हे बघणारेत, त्यामुळे तो जरा नेमकं बोलतो. आणि लोकांना "साहेब असं म्हणाले" हे मधल्या माणसाच्या तोंडून न येता साहेबांच्या तोंडूनच ऐकायला मिळतं, चेहऱ्यासकट. उत्तर नकाराचं असलं तरी दाखवा, नकारावर पुढचं पाऊल ठरवता येतं. उत्तर द्यायलाच नकार दिला तर तेही गावाला जाऊन सांगायचं, तारखेसह, की अमुक दिवशी गेलो आणि वेळ दिली नाही.

प्रश्न: म्हणजे फिल्म्समुळे फोगो वाचलं असं उत्तरात लिहू का?

असं सरळ लिहू नका. पुढे काय झालं ते खरंच मोठं आहे, बेट रिकामं झालं नाही, लोकांनी जहाजबांधणी आणि मासेविक्रीसाठी सहकारी संस्था उभी केली, लाँगलायनर म्हणजे लांब जाऊ शकतील अशा मोठ्या बोटी बांधल्या, आणि 1992 मध्ये कॅनडाने कॉडची मासेमारी बंद केली तेव्हा इतर ठिकाणचं सगळं कोसळत असतानाही ही संस्था खेकडे आणि कोळंबीकडे वळून टिकली.

पण क्रम बघा. बेटाची सुधार समिती टीम येण्याच्या आधीपासून होती, फ्रेड अर्लचं कामही आधीचं, आणि सहकारी संस्थेची जुळवाजुळव शूटिंगच्याच काळात चालू होती, इतकी की संस्थेच्या स्थापनेवरच एक फिल्म आहे. म्हणजे फिल्म्सनी शून्यातून संघटना तयार केली नाही. जी तयार होत होती तिला सगळ्या वस्त्यांपर्यंत पोचवलं, आणि सरकारला ती दिसेल असं केलं. पैसे, बोटीसाठी कर्ज, मासा विकायची सोय हे फिल्मने येत नाही. मला तर वाटतं की संघटनेचा काहीच अंकुर नसलेल्या ठिकाणी हीच पद्धत नेली तर लोक बोलतील, ऐकतील, हळहळतील आणि घरी जातील. म्हणून तुम्ही फिल्डमध्ये जाल तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी हे विचारा की चर्चेतून काही ठरलं तर ते करणार कोण, इथे असा गट आहे का.

प्रश्न: फोगोच्या केसवर टीका काय आहे?

मुख्य म्हणजे एडिटिंग. शूटिंग 16 मिमी फिल्मवर होतं, ती लांब प्रयोगशाळेत धुवायला जायची आणि एडिटिंगही तज्ज्ञ करायचे, बेटावरच्या माणसाला "हे काढा" म्हणता येत होतं पण "हे असं जोडा" म्हणायची सोय नव्हती. नकाराचा हक्क होता, रचनेचा नव्हता. म्हणूनच वर "बऱ्याच अंशी" म्हटलं.

दुसरं, बायका. फिल्म्सची यादी वाचली की पुरुषांचीच नावं दिसत जातात, बायकांच्या स्थानाबद्दल एक वेगळी फिल्म आहे पण मासेमारीचं अर्थकारण, सरकार, बोटी यावर बोलताना पुरुषच. मासा किनाऱ्यावर आल्यावर तो खारवून सुकवण्याचं काम मात्र त्या किनाऱ्यावर परंपरेने बायका करत आल्या होत्या, म्हणजे धंद्याचा अर्धा भाग त्यांच्या हातचा. "समुदायाचा आवाज" म्हणताना समुदायातलं कोण बोललं हे मोजायलाच लागतं.

प्रश्न: आता मोबाइलवर शूट, मोबाइलवरच एडिट. मग हे सगळं सोपं झालं की नाही?

शूटिंग आणि एडिटिंग सोपं झालं हे खरं आणि ते छोटं नाही. पोर्टेबल व्हिडिओ आल्यावर लगेच फरक पडला होता, टेप धुवायला लागत नाही, जागेवर दाखवता येते, पुसता येते. 1984 मध्ये अहमदाबादला सेवा नावाच्या संघटनेतल्या कष्टकरी बायका व्हिडिओ शिकल्या, त्यात लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या, आणि त्यांनी पुढे स्वतः टेप्स बनवून आपल्याच सभासदांना दाखवल्या. म्हणजे मशीन शिकायला शाळा लागते हा समज तेव्हाच मोडला.

पण मोबाइलने एक गोष्ट अवघड केली. फोगोच्या फिल्मचं रीळ टीमकडे असायचं, ते कुठे जातंय ते कळायचं. आता क्लिप ग्रुपवर पडली की तासाभरात कुठे गेली कुणाला पत्ता नसतो, आणि एकत्र बसून बघणं जातं, प्रत्येकजण आपापल्या घरात बघतो आणि लाइकचा अंगठा टाकून पुढे जातो. त्यात चर्चा होत नाही. म्हणून माझं म्हणणं, क्लिप फॉरवर्ड करू नका, आधी एकत्र बसून दाखवा.

प्रश्न: रेडिओचं काय? समुदाय माध्यम म्हटलं की आम्हाला रेडिओच शिकवतात.

रेडिओला रोजचेपणा आहे जो फिल्मला नाही. मालकीचा प्रश्न समजून घ्यायला बोलिव्हियाच्या खाणकामगारांचे रेडिओ बघा. 1940 च्या दशकाच्या शेवटी आणि 1950 च्या दशकात कथिलाच्या खाणींच्या वस्त्यांमध्ये ते सुरू झाले, कामगार संघटनांचे होते आणि कामगारांच्या पगारातल्या वर्गणीवर चालायचे. कुणी दाता नाही, त्यामुळे काय बोलायचं हे विचारायला कुठे जावं लागत नव्हतं. 1980 च्या लष्करी उठावात ते एकमेकांना जोडून घेऊन बातम्या देत राहिले, सैन्य एकेक स्टेशन ताब्यात घेईपर्यंत.

आणि मर्यादाही त्याच वर्गणीत होती. 1985 मध्ये कथिलाचे भाव कोसळले, खाणी बंद झाल्या, हजारो कामगार गेले, वर्गणी गेली आणि बरीच स्टेशनं मुकी झाली. मालकी स्वतःची असली तरी ती ज्या कमाईवर उभी आहे ती गेली की माध्यम टिकत नाही. अनुदानावर चालणाऱ्या स्टेशनचं दुखणं वेगळं, तिथे पैसे देणाऱ्याचा विषय हळूहळू कार्यक्रमपत्रिकेत शिरतो, लसीकरण, स्वच्छता, बँक खातं, आणि लोकांचा विषय "वेळ उरला तर".

प्रश्न: स्क्रीनिंग फसलंय हे कसं ओळखायचं? सगळे "छान झालं" म्हणतात.

"छान झालं" हेच पहिलं लक्षण. लोक फिल्मबद्दल बोलतायत, विषयाबद्दल नाही, म्हणजे ते तुमच्यासाठी बोलतायत.

एकाला वही घेऊन मागे बसवा आणि फक्त कोण बोललं, कुणाकडे बघून बोललं एवढं टिपायला सांगा. सगळी वाक्यं फॅसिलिटेटरकडे बघून येत असतील तर ती चर्चा नाही, मुलाखत झाली. लोक एकमेकांकडे वळून बोलायला लागले, तुमच्याकडे पाठ झाली, की ते चालू झालं, तेव्हा मधे पडू नका. पहिले तीन बोलणारे नेहमीचेच पुढारी असतील तर पुढचं स्क्रीनिंग छोट्या गटात घ्या, बायकांचं वेगळं, तरुणांचं वेगळं, आणि मग सगळ्यांचं एकत्र. शांतता पडली की घाबरून प्रश्न टाकायची घाई सगळ्यांना होते, थांबा, मिनिटभर थांबलात तर बहुतेक वेळा आतापर्यंत न बोललेला माणूस सुरू होतो.

एखाद्याने मधेच "हे खोटं आहे, आमच्याकडे असं नाही" म्हटलं तर टीमचे चेहरे पडतात, पण ती फार चांगली गोष्ट आहे, त्याला म्हणा की मग तुमचंही रेकॉर्ड करू या, पुढच्या वेळी दोन्ही दाखवू.

प्रश्न: प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मग काय लिहायचं? किती लोक आले एवढंच गाईड विचारतात.

आकडा द्या, त्यांना लागतो. त्याखाली हे लिहा: किती जणांनी स्वतःचं फुटेज बघून काहीतरी काढायला लावलं आणि काय, चारपैकी कोणत्या ठिकाणी दाखवायला किती जणांनी हो-नाही म्हटलं, चर्चेत बायका किती वेळा बोलल्या, पुढचा विषय कुणी सुचवला, ऑफिसचं उत्तर कोणत्या तारखेला परत दाखवलं. कुणीच काही काढायला लावलं नसेल तर ते यश म्हणून लिहू नका, बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की आपल्याला काढायला सांगता येतं यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता.